बिल खरं आहे, पण मशीन कुठं आहे? लहान फर्मच्या ऑडिटमधलं व्हाउचिंग आणि व्हेरिफिकेशन

ऑडिटला नव्याने लागलेल्या मुलाला पहिल्या दिवशी व्हाउचरची फाइल आणि लाल पेन मिळतं. तो महिनाभर टिका मारतो. मग कधीतरी जुलैत त्याला कारखान्यात स्टॉक मोजायला पाठवतात आणि हे काम त्याला अगदी वेगळं वाटतं. पुस्तकात पहिल्याला प्रमाणन आणि दुसऱ्याला सत्यापन म्हणतात. ऑफिसात सगळे व्हाउचिंग आणि व्हेरिफिकेशनच म्हणतात, म्हणून इथेही तेच शब्द ठेवले आहेत.

व्हाउचिंगचा प्रश्न असा असतो: वहीत लिहिलेला हा व्यवहार खरंच झाला का, याच धंद्यासाठी झाला का, कोणाच्या मंजुरीने झाला आणि बरोबर खात्यात बसला का? व्हेरिफिकेशनचा प्रश्न वेगळा: ३१ मार्चच्या ताळेबंदात दाखवलेली ही वस्तू त्या दिवशी होती का, फर्मचीच होती का, कोणाकडे तारण आहे का आणि दाखवलेली किंमत धरता येते का? एक भूतकाळातल्या नोंदीमागे जातो, दुसरा एका ठरावीक तारखेला वस्तूसमोर उभा राहतो. हा फरक पाठ करून कळत नाही. एकाच फर्मवर दोन्ही लावून पाहिले की कळतो.

समोर असलेली फर्म

समजा, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनचा एक लहान कारखाना आहे. दोन भागीदार, सुपरवायझर धरून १४ कामगार, २०२४-२५ ची उलाढाल २ कोटी ६० लाख. मजुरी, हमाली, भंगार, किरकोळ जॉबवर्क यांमुळे रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या वर जातात. त्यामुळे टॅक्स ऑडिटसाठी १० कोटींची मर्यादा लागू न होता १ कोटीचीच लागू होते आणि टॅक्स ऑडिट अहवालाचे फॉर्म ३सीबी व ३सीडी भरावे लागतात. हिशेब टॅलीत आहेत, अकाउंटंट रोज दुपारी तीन तास येतो आणि रोख एका भागीदाराच्या ड्रॉवरमध्ये असते. उदाहरण काल्पनिक आहे, पण अशी फर्म प्रत्येक ऑडिटरच्या यादीत सापडेल.

इथे दिलेली कलमं १९६१ च्या आयकर कायद्याची आहेत, कारण २०२४-२५ ला तोच लागू होता. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला आणि क्रमांक बदलले. पुढच्या वर्षांची कामं करताना क्रमांक ताडून घ्या.

व्हाउचिंग: पेमेंट कशी तपासायची

व्हाउचर उघडण्याआधी रोखकिर्द वाचा. टॅलीत कॅश खात्याची रोजची शिल्लक काढा आणि कुठे उणे जाते का ते पाहा. ड्रॉवरमधली रोख शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. एखाद्या दिवशी वहीत उणे ८,२०० दिसत असेल, तर एखादी जमा लिहायची राहिली आहे, एखादा खर्च चुकीच्या तारखेला पडला आहे, किंवा भागीदाराने खिशातून पैसे घातले आणि नोंद केली नाही. हे पाच मिनिटांचं काम असतं आणि पुढे कुठे खोदायचं ते यातून कळतं.

मग नमुना ठरवा. वर्षाची दोन हजार पेमेंट एकेक करून तपासायला ना वेळ असतो ना गरज. या फर्मसाठी साधी निवड अशी करता येईल: बँकेतून गेलेली ५०,००० च्या वरची सगळी पेमेंट, रोखीतली ५,००० च्या वरची सगळी, आणि कोणतेही दोन महिने संपूर्ण. दोनपैकी एक महिना मार्च ठेवा, कारण वर्षअखेरीला खर्च पुढेमागे सरकवले जातात. दुसरा महिना कोणता, हे फर्मला आधी सांगू नका. घेतलेला महिना मात्र एका बैठकीत पूर्ण करा. अर्धवट फाइल रात्रभर फर्मकडे राहिली, तर सकाळी नसलेली व्हाउचर "सापडतात".

आता एक व्हाउचर हातात घ्या. बिल फर्मच्या नावावर आहे का? फक्त भागीदाराचं नाव आणि घरचा पत्ता असेल तर तो खर्च धंद्याचा आहे की घरचा, हे विचारावं लागतं. तारीख १ एप्रिल ते ३१ मार्चमध्ये बसते का? आकड्यांतली आणि अक्षरांतली रक्कम सारखी आहे का, आणि बेरीज स्वतः केली तर जुळते का? पैसे घेणाऱ्याची सही आहे का, आणि रोख पावती ५,००० च्या वरची असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प आहे का? पैसे द्यायला मंजुरी कोणी दिली? सगळ्यात शेवटी खातं पाहा: दुरुस्तीचं बिल यंत्रसामग्रीत गेलं नाही ना, आणि उलटही झालं नाही ना. नवखे लोक सह्यांवर खूप वेळ घालवतात आणि खात्याकडे बघतच नाहीत. खोट्या सहीपेक्षा चुकीचं खातं कितीतरी जास्त वेळा सापडतं.

तपासलेल्या व्हाउचरवर लगेच ऑफिसचा शिक्का मारा किंवा खूण करा. यामागे कारण आहे. न खुणावलेलं बिल पुढच्या महिन्यात दुसऱ्या पेमेंटला पुन्हा जोडता येतं.

या फर्मच्या फाइलमधली तीन पेमेंट घेऊ.

पहिलं हमालीचं. ६ ऑगस्टला एकाच मुकादमाला ९,८०० आणि ७,६०० अशी दोन रोख व्हाउचर आहेत. सुटी पाहिली तर दोन्ही १०,००० च्या आत आणि दोन्हींवर अंगठा. पण कलम ४०ए(३) एका माणसाला एका दिवसात दिलेल्या रोखीची बेरीज पाहतं. ती १७,४०० होते, त्यामुळे संपूर्ण १७,४०० चा खर्च करासाठी नामंजूर होतो, वरचे ७,४०० नव्हे. मालवाहतूक करणाऱ्यासाठी हीच मर्यादा ३५,००० आहे, पण हमाल म्हणजे मालवाहतूकदार नव्हे. नोंद ३सीडीच्या २१(डी) मध्ये जाते. एक गोष्ट लक्षात ठेवा: इथे काहीच खोटं नाही. व्हाउचर खरं, काम झालेलं, पैसे दिलेले. व्हाउचिंगमधून लबाडीच बाहेर येते असं नाही, कायद्यात न बसणारा खरा खर्चही येतो. अशी जोडी पकडायला टॅलीतली रोख पेमेंट तारीख आणि नाव यांप्रमाणे लावून घ्या. क्रमाने व्हाउचर उलटताना ती सहज निसटते.

दुसरं वेल्डिंग रॉडचं. २० मे रोजी एका पुरवठादाराला ३८,९४० एनईएफटीने गेले आणि ते थेट खर्चाला टाकले. १४ जूनला त्याच पुरवठादाराला पुन्हा ३८,९४० गेले, या वेळी टॅलीतल्या त्याच्या खात्याला नावे टाकून. दोन्हींना कागद आहे. नीट पाहिलं तर मेमधला कागद प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आहे, म्हणजे भाव कळवणारा कागद. त्यावर बिल क्रमांकच नाही. जूनमधलं खरं टॅक्स इन्व्हॉइस आहे: ३३,००० अधिक १८ टक्के जीएसटी ५,९४०. जीएसटी पोर्टलवरच्या GSTR-2B मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या उताऱ्यात, या पुरवठादाराचं त्या काळातलं एकच बिल दिसतं. म्हणजे एकाच मालाचे पैसे दोनदा गेले. आता पुरवठादाराकडून खातेउतारा मागवा. प्रामाणिक पुरवठादाराच्या वहीत फर्मचे ३८,९४० आगाऊ जमा दिसतील आणि ते परत येतील किंवा पुढच्या बिलात वळते होतील. हे पकडायला कागदाच्या माथ्यावर काय छापलं आहे ते वाचणं एवढंच लागतं. तेच बहुतेक जण वाचत नाहीत.

तिसरं मजुरीचं. मार्चच्या पगारपत्रकावर १५ नावं आहेत, १५ सह्या-अंगठे आहेत आणि बेरीज बरोबर आहे. फक्त पगारपत्रकावर थांबलात तर व्हाउचिंग झालं असं वाटेल. पण पगारपत्रक फर्मनेच बनवलं आहे, आणि स्वतःचा पुरावा स्वतः तयार करणाऱ्या कागदाला बाहेरचा आधार लागतो. ईएसआयसीच्या मार्च महिन्याच्या भरण्यात १३ जण आहेत. सुपरवायझरचा पगार २४,००० आहे आणि ईएसआयसीची मर्यादा २१,००० ची, त्यामुळे तो तिथे नसणं बरोबर. हिशेब १४ वर थांबला, एक उरला. हा एक मदतनीस आहे, नोव्हेंबरपासून महिना ११,५०० रोख, पाच महिन्यांचे ५७,५००. हजेरीपत्रकात त्याचं नाव नाही. लगेच "भुताचा पगार" असं लिहू नका. नवीन माणसाची नोंदणी करायचं राहून गेलं असेल. त्याचं आधार आणि बँक खातं मागा, आणि पगाराच्या दिवशी फर्ममध्ये जाऊन तो माणूस समोर येऊन पैसे घेतो का ते पाहा. इथे तुम्ही नकळत व्हाउचिंगमधून व्हेरिफिकेशनमध्ये शिरला आहात: कागद सोडून माणसाकडे बघताय.

बाहेरून आलेल्या पुराव्याचं वजन का जास्त, हे इंग्लंडमधल्या १९३२ च्या आर्मिटेज विरुद्ध ब्रूअर अँड नॉट या खटल्यात दिसतं. फर्मच्या आतल्याच माणसाने मजुरीचे तक्ते आणि किरकोळ रोखीची व्हाउचर फिरवून पैसे खाल्ले होते. फिरवाफिरव कागदावर दिसत असूनही ती हातून सुटल्याबद्दल ऑडिटरना नुकसानभरपाई द्यावी लागली. खाडाखोड केलेलं व्हाउचर "रक्कम किरकोळ आहे" म्हणून सोडून देऊ नये, ते यासाठी.

व्हाउचिंग कुठे संपतं

व्हाउचिंग कितीही चोख केलं तरी एक प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. वस्तू आज कुठं आहे, हे बिल सांगू शकत नाही. अमेरिकेतल्या मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीचं प्रकरण १९३८ मध्ये उघड झालं तेव्हा तेच दिसलं. कॅनडातल्या गोदामांत औषधी कच्चा माल पडून आहे, असं बिलं, ऑर्डरी, पोचपावत्या अशा सुबक कागदांवर दाखवलं होतं. माल नव्हताच. तोपर्यंत तिथल्या ऑडिटरना गोदामात जाऊन स्टॉक पाहण्याची किंवा येणेकऱ्यांना पत्र लिहून शिल्लक विचारण्याची सक्ती नव्हती. त्यानंतर ती आली. भारतात आज हेच काम एसए ५०१ आणि एसए ५०५ या मानकांत आहे: पहिलं साठ्याच्या मोजणीला हजर राहण्याबद्दल, दुसरं बाहेरच्यांकडून थेट खात्री करून घेण्याबद्दल.

व्हेरिफिकेशन: एका लेथवर दोन्ही पद्धती

आता फर्मने या वर्षी घेतलेलं लेथ मशीन पाहू. टॅलीत यंत्रसामग्री खात्यावर २४ सप्टेंबर २०२४ ला ५,६६,४०० अशी एक ओळ आहे.

आधी व्हाउचिंग. बिल फर्मच्या नावावर, फर्मचा जीएसटी क्रमांक बरोबर, मूळ किंमत ४,८०,०००, सीजीएसटी आणि एसजीएसटी मिळून ८६,४००, एकूण ५,६६,४००. बँकेच्या मुदत कर्जातून ४ लाख थेट विक्रेत्याला, बाकी चेकने. दोन्ही बँकेच्या उताऱ्यात दिसतात. GSTR-2B मध्ये बिल आहे, आणि फर्मने ८६,४०० चं क्रेडिट घेतलं आहे, म्हणजे विक्रीवर भरायच्या जीएसटीतून ते वळते केले आहेत.

इथेच पहिली चूक सापडते. क्रेडिट घेतलेला जीएसटी मशीनच्या किमतीत धरता येत नाही. करावर घसारा घेतला तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १६(३) प्रमाणे क्रेडिटच मिळत नाही. एकाच रकमेचा दोनदा फायदा नाही. म्हणून मशीनची किंमत ४,८०,००० पासून सुरू होते.

मग इतर खाती चाळा. गाडीभाडे खात्यावर २९ सप्टेंबरला १२,००० एनईएफटीने गेले आहेत, बिल्टीवर "लेथ मशीन १ नग" लिहिलं आहे. दुरुस्ती खात्यावर ऑक्टोबरमध्ये २८,००० चेकने, बिल काँक्रीट फाउंडेशन आणि बोल्ट बसवण्याचं. मशीन कामाला लागेपर्यंतचा हा खर्च मशीनच्याच किमतीचा भाग आहे, वर्षाचा खर्च नव्हे. त्यामुळे खरी किंमत ४,८०,००० अधिक १२,००० अधिक २८,००० म्हणजे ५,२०,०००. एक बारीक मुद्दा: हेच भाडं रोख दिलं असतं, तर मालमत्तेच्या खरेदीसाठी १०,००० च्या वर रोख गेलेली रक्कम कलम ४३(१) प्रमाणे किमतीत धरली गेली नसती. वाहतूकदाराची ३५,००० ची सवलत महसुली खर्चाला आहे, मालमत्तेच्या किमतीला नाही.

इथवर सगळं टेबलावर बसून झालं. आता उठा आणि शेडमध्ये जा.

लेथसमोर उभं राहून पहिल्यांदा नेमप्लेट वाचा. बिलावरचा मशीन क्रमांक आणि प्लेटवरचा क्रमांक अंकाअंकाने जुळला पाहिजे. "मशीन आहे" असं लिहून परत येणं म्हणजे काहीच न करणं. शेडमध्ये एकसारखी दोन लेथ असतील, तर जुन्यालाच नवं म्हणून दाखवणं अवघड नाही. प्लेटचा फोटो घ्या आणि तारखेसकट कामाच्या कागदांत ठेवा. प्लेट उचकटलेली किंवा नव्याने रिव्हेट केलेली दिसली तर विक्रेत्याकडून बिलाची प्रत थेट मागवा.

दुसरी गोष्ट मालकी आणि बोजा. कर्ज असेल तर मशीन बँकेकडे नजरगहाण आहे. मंजुरीपत्रात कोणकोणती मालमत्ता तारण आहे ते वाचा, आणि शिल्लक व तारणाची खात्री बँकेकडून पत्राने किंवा ईमेलने थेट तुमच्या ऑफिसात येऊ द्या. फर्मच्या हातून आलेलं बँकेचं पत्र हा फर्मचाच कागद समजा. सत्यम कंपनीच्या २००९ च्या प्रकरणात रोख आणि बँक शिल्लक ५,०४० कोटींनी फुगवलेली निघाली. बँकेची शिल्लक हा ताळेबंदातला सगळ्यात सोपा आकडा वाटतो, म्हणूनच तिथे गाफील राहिलं जातं.

तिसरी गोष्ट, जी टेबलावर बसून कधीच कळली नसती: मशीन कधी चालू झालं? फर्मने २४ सप्टेंबरपासून वापर धरला आहे. त्या तारखेपासून ३१ मार्चपर्यंत १८९ दिवस होतात, म्हणजे १८० च्या वर, म्हणजे पूर्ण १५ टक्के घसारा. पण फाउंडेशनचं बिल ऑक्टोबरचं आहे. पायाच घातला नव्हता तर मशीन चाललं कसं? सुपरवायझरला जॉब रजिस्टर मागा. या लेथवरचा पहिला जॉब १७ ऑक्टोबरचा आहे. त्या दिवसापासून वर्षअखेरपर्यंत १६६ दिवस. १८० पेक्षा कमी, म्हणून दर अर्धा, ७.५ टक्के. फर्मने घसारा घेतला होता ५,६६,४०० च्या १५ टक्के, म्हणजे ८४,९६०. बरोबर घसारा ५,२०,००० च्या ७.५ टक्के, म्हणजे ३९,०००. एका बिलात एकही खोटा शब्द नसताना ४५,९६० चा फरक पडला. त्यातला काही भाग कागदाने दाखवला, काही शेडने.

जमिनीवरून वहीकडे

आतापर्यंत आपण वहीतून वस्तूकडे गेलो. वहीतली वस्तू अस्तित्वात आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं. उलटीकडूनही चालावं लागतं: शेडमध्ये दिसणारी कोणतीही चार-पाच यंत्रं निवडा आणि ती मालमत्ता नोंदवहीत शोधा.

या फर्मच्या शेडमध्ये कोपऱ्यात एक पिलर ड्रिल आहे, नोंदवहीत नाही. कारणं अनेक असू शकतात. भाड्याने आणलेलं असेल, भागीदाराच्या भावाचं असेल, किंवा दोन वर्षांपूर्वी "टूल्स" म्हणून खर्चाला टाकलं असेल. भाड्याचं म्हणत असतील तर भाड्याची पेमेंट व्हाउचिंगमध्ये दिसायला हवी होती. ती दिसली नसतील, तर उत्तर पुरतं झालेलं नाही. उलट नोंदवहीत असलेली जुनी पॉवर प्रेस शेडमध्ये नाही. विचारल्यावर कळतं की डिसेंबरमध्ये भंगारात गेली. मग प्रश्न तिथे थांबत नाही: भंगाराचे पैसे कुठे जमा झाले, आणि त्यावर जीएसटी लावला का? व्हेरिफिकेशनने काढलेला धागा पुन्हा किर्दीत येतो, या वेळी जमेच्या बाजूला.

गाडीचं थोडक्यात. पिकअपची आरसी एका भागीदाराच्या नावावर आहे, पैसे मात्र फर्मने दिलेत. भागीदारीची मालमत्ता भागीदाराच्या नावावर असणं बेकायदा नाही, पण ती फर्मची आहे असं दोन्ही भागीदारांचं लेखी पत्र घ्या आणि आरसीवर वित्त कंपनीचं नाव आहे का ते पाहा.

स्टॉक: सगळ्यात जास्त घोळ इथे

ऑडिटर ३१ मार्चला कारखान्यात असणं क्वचितच जमतं. या फर्ममध्ये मोजणी १२ जुलैला झाली. मग मागे जावं लागतं: मोजलेला माल, अधिक १ एप्रिलपासून वापरलेला, वजा १ एप्रिलपासून आलेला.

आधी मोजणी कशी ते. एमएस प्लेटचा ढीग काट्यावर चढवत बसायची गरज नसते. लांबी आणि रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि ७.८५ ने गुणा, किलो मिळतात. २५०० × १२५० मिमीची ६ मिमी जाडीची प्लेट म्हणजे २.५ × १.२५ × ६ × ७.८५, साधारण १४७ किलो. नग मोजा, जाडी व्हर्नियरने स्वतः तपासा. जाडी चुकून ८ धरली तर वजन एक तृतीयांशाने फुगतं आणि ढिगाकडे बघून ते कळत नाही. कापलेले तुकडे वेगळे ठेवायला सांगा. वापरता येणारा तुकडा हा माल आहे, बाकी भंगाराच्या भावाने.

१२ जुलैला प्लेट मोजली ६,१५० किलो. गेट रजिस्टरप्रमाणे १ एप्रिलपासून आली २१,४०० किलो, आणि जॉब कार्डांप्रमाणे वापरली २२,९०० किलो. म्हणून ३१ मार्चला असायला हवी होती ७,६५० किलो. फर्मच्या यादीत आहे ९,२०० किलो. फरक १,५५० किलो.

फरक दिसला की लगेच किमतीने गुणू नका, आधी कारण शोधा. ३१ मार्चच्या आसपासचे दोन आठवडे गेट रजिस्टर आणि खरेदी बिलं शेजारी ठेवा. एक बिल २९ मार्चचं आहे, ६५० किलो, पण गाडी गेटवर आली २ एप्रिलला. अट विक्रेत्याच्या गोदामातून उचल अशी असल्याने मालकी मार्चमध्येच फर्मकडे आली होती, आणि खरेदीही मार्चमध्येच धरली आहे. हा वाटेतला माल यादीत असणं बरोबर आहे. उरले ९०० किलो. यार्डात रंगाने एका ग्राहकाचं नाव लिहिलेल्या प्लेट होत्या आणि फाइलमध्ये त्यांचं जॉबवर्कचं डिलिव्हरी चलन सापडलं. माल ग्राहकाचा, फर्मने फक्त कापून द्यायचा. यादी करणाऱ्याने डोळ्यांना दिसलं ते सगळं लिहिलं. किलोला ५६ रुपये खरेदीभावाने ५०,४०० रुपयांचा स्टॉक जास्त दाखवला गेला, म्हणजे तेवढाच नफाही जास्त.

याची दुसरी बाजू विसरू नका. फर्मचा माल गॅल्व्हनायझिंगला बाहेर गेलेला असेल, तर तो शेडमध्ये दिसणार नाही पण फर्मचाच आहे. त्या कारखान्याकडून ३१ मार्चच्या साठ्याचं पत्र थेट मागवा. भाव लावताना खरेदीकिंमत आणि विकून मिळणारी निव्वळ किंमत यांतली कमी असेल ती घ्या, आणि क्रेडिट घेतलेला जीएसटी किमतीत धरू नका, लेथसारखंच.

रोख मोजताना

रोखीची मोजणी न कळवता करा. ड्रॉवर, पेटी, जिथे जिथे रोख असेल ते सगळं एकाच वेळी मोजा, नाहीतर एकीकडची नोट दुसरीकडेही मोजली जाते. भागीदाराच्या समोर मोजा, नोटांच्या प्रकाराप्रमाणे लिहा आणि त्याची सही घ्या. पैसे पूर्ण परत मिळाले असंही त्यात लिहून घ्या. हे वाक्य तुमच्या बचावासाठी आहे.

वहीप्रमाणे शिल्लक ४६,३००. ड्रॉवरमध्ये निघाले ३१,३०० आणि एक चिठ्ठी: "सुपरवायझर उचल १५,०००". बेरीज जुळते, म्हणून नवखा माणूस टिक मारतो. पण चिठ्ठी म्हणजे रोख नव्हे. ती दिलेली उचल आहे आणि उचल खात्यावर गेली पाहिजे. चिठ्ठीची तारीख ३१ मार्चची किंवा त्याआधीची असेल, तर ताळेबंदातली रोख १५,००० ने जास्त आणि येणं तेवढंच कमी दाखवलं गेलं. मग पुढच्या पगारातून ती कापली का, हे पगारपत्रकात पाहायचं, म्हणजे पुन्हा व्हाउचिंग.

कामाच्या कागदांत काय उरलं पाहिजे

व्हाउचिंगच्या कागदात निवड कशी केली, कोणते महिने, किती पेमेंट पाहिली आणि अडलेल्या प्रत्येक पेमेंटचा व्हाउचर क्रमांक हवा. "रँडम तपासलं" एवढं लिहून भागत नाही. व्हेरिफिकेशनच्या कागदात वस्तू, तिचा क्रमांक, कुठे पाहिली, कोणत्या तारखेला, सोबत कोण होतं आणि तारणाची स्थिती हवी. पाहणीची तारीख आणि ताळेबंदाची तारीख वेगळी असेल तर मधला हिशेबही त्याच पानावर ठेवा.

मजुरी, वीज, भाडं, हमाली यांची कोणतीच वस्तू मागे उरत नाही, त्यांच्यासाठी व्हाउचिंगशिवाय पर्याय नाही. रोख, स्टॉक, यंत्रं यांचं निव्वळ व्हाउचिंग अपुरं. या फर्ममध्ये वेळ कमी असेल, तर मार्च महिन्याचं व्हाउचिंग आणि प्लेटचा स्टॉक या दोन गोष्टी कापू नका. लेथचा क्रमांक वाचायला तर दोन मिनिटंच लागतात.